संस्थापिकेच्या नावावर, तिच्याच बोलीत : दुसऱ्याने लिहिणे कितपत योग्य?

सदाफुली (प्रश्न)

नाशिकजवळ बाजरी आणि नाचणीचा खाऊ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या संस्थापिकेसाठी मी लिंक्डइनवरचा मराठी मजकूर लिहिते. त्यांना आठवड्यातून जेमतेम अर्धा तास मिळतो. मजकुरात चूक नसते, तरी वाचून त्या म्हणतात, "छान आहे, पण मी असं बोलत नाही." त्यांच्या बोलण्यासारखे लिहायचे कसे? माझा एक सहकारी तर म्हणतो की ते जितके हुबेहूब जमेल तितकी वाचकाची फसवणूक मोठी. हे खरे आहे का?

उंबरठा

तुमच्या सहकाऱ्याचे म्हणणे मला पटते. जाहिरात वाचताना ती कोणीतरी लिहून घेतलेली आहे हे गृहीत धरूनच आपण वाचतो. पण "मी" म्हणून लिहिलेला मजकूर वाचताना त्या व्यक्तीचा विचार, स्वभाव आणि शब्द पाळण्याची वृत्ती यांचा अंदाज आपण बांधत असतो, आणि त्यावरून नोकरी स्वीकारण्याचे किंवा माल उधारीवर देण्याचे निर्णय घेतो. मी स्वतः एका कंपनीत रुजू झालो तो तिच्या संस्थापकाचे लेख वाचून. चूक कबूल करणाऱ्याला आमच्याकडे शिक्षा होत नाही, असे त्यांत पुन्हा पुन्हा लिहिलेले असे. पुढे एका बैठकीत मी त्या वाक्याचा आधार घेतला, तेव्हा ते वाक्य आपल्या नावावर आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. लेख कोरडे असते तर मी कदाचित सावध राहिलो असतो. त्या लेखनातला जिवंतपणाच मला भोवला.

जुना लेखनिक

उंबरठा यांचा अनुभव गंभीर आहे आणि त्याकडे मी परत येईन. मात्र त्यात दोष बोलीचा नाही, मजकूर संस्थापकाच्या डोक्यातून आलाच नव्हता याचा आहे. सदाफुली, आधी एक करा. त्यांच्या ध्वनिमुद्रणातला चार-पाच वाक्यांचा तुकडा जसाच्या तसा इथे द्या, आणि त्यावरून तुम्ही केलेला मसुदाही द्या. त्याशिवाय सांगितलेले सगळे हवेतले ठरेल.

सदाफुली

त्यांची परवानगी घेऊन देते आहे. त्या बोलल्या ते असे : "माल परत आला, सगळा. म्हणजे वितरक ओरडला ना, म्हटलं त्याचं काय चुकलं? बाजरीचं पीठ थांबत नाही हो. आपण थांबवलं. दळून ठेवलं, अकरा दिवस. खवट होणारच ना."

माझा मसुदा असा होता : "प्रत्येक अपयश आपल्याला काहीतरी शिकवून जाते. नुकतेच आमच्या उत्पादनाचा एक संपूर्ण साठा वितरकाकडून परत आला. कच्च्या मालाच्या साठवणुकीत झालेल्या विलंबामुळे गुणवत्तेवर परिणाम झाला होता. या अनुभवातून आम्ही प्रक्रियेत आवश्यक सुधारणा केल्या आहेत."

पाटीपेन्सिल

हा प्रश्न मला फार अवघड वाटत नाही. ध्वनिमुद्रण उतरवून घ्यावे आणि "म्हणजे", "ना", "हो" यांसकट तसेच प्रसिद्ध करावे. लेखक मध्ये आला की बोली बिघडते.

जुना लेखनिक

पाटीपेन्सिल यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. उतरवून घेणे शब्दशः असलेच पाहिजे, अडखळणे आणि अर्धवट सोडलेली वाक्येसुद्धा, कारण माणूस स्वतःला जिथे दुरुस्त करतो तिथे त्याला खरोखर काय म्हणायचे आहे ते दिसते. पण बोलण्यातला "ना" आवाजाच्या चढउतारावर उभा असतो. कागदावर तो चढउतार राहत नाही, आणि पाच "ना" लागोपाठ आले की बोलणारी व्यक्ती गोंधळलेली वाटते, जी प्रत्यक्षात मुळीच तशी नसते. एखादा ठेवावा, बाकीचे काढावेत.

आता तुमचा उतारा पाहू. या बाईंची बोली तीन ठिकाणी आहे. पहिले म्हणजे क्रम : त्या घडलेल्या गोष्टीने सुरुवात करतात आणि कारण मागाहून सांगतात, तर तुम्ही तात्पर्याने सुरुवात केली आहे. लिंक्डइनवर "आणखी पाहा"च्या आधी दोन-तीन ओळीच दिसतात, त्यामुळे वाचकाला त्यांच्याऐवजी फक्त तुमचे सुभाषित दिसले. दुसरे म्हणजे क्रियापदानंतर येणारा शब्द : "माल परत आला, सगळा", "दळून ठेवलं, अकरा दिवस". बोलताना मराठी माणूस पुष्कळदा सर्वांत जड शब्द असा शेवटी ठेवतो आणि लिहिताना शाळेतल्या सवयीने तो उचलून क्रियापदाच्या आधी नेतो. "संपूर्ण साठा परत आला" या तुमच्या वाक्यात माहिती तीच आहे, पण धक्का गेला आहे. तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या म्हणाल्या "आपण थांबवलं", तुम्ही लिहिले "झालेल्या विलंबामुळे". त्यांनी चूक अंगावर घेतली होती, तुमच्या वाक्यात ती कोणाचीच उरली नाही. "मी असं बोलत नाही" असे त्या म्हणतात तेव्हा बहुधा त्यांना हेच खटकत असते.

मी त्यावरून असे लिहिले असते :

"माल परत आला, सगळा. वितरक चिडला. त्याचं काय चुकलं? बाजरीचं पीठ दळल्यावर थांबत नाही, त्यातला स्निग्धांश लवकर बिघडतो. आपण ते थांबवलं, अकरा दिवस. खवट होणारच होतं."

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. स्निग्धांशाचे वाक्य मी घातले आहे, कारण अनोळखी वाचकाला कारण कळायला हवे. ते माझे आहे हे मसुद्यात खूण करून त्यांना दाखवले पाहिजे आणि त्यांना अनोळखी वाटले तर ते काढले पाहिजे. आणि मजकूर इथेच थांबतो. तुमच्या मसुद्यात "आवश्यक सुधारणा केल्या आहेत" असे आहे, ते त्या कुठे बोलल्या आहेत? उताऱ्यात तरी नाही. पुढे काय बदलले हे त्यांना फोन करून विचारा. रोज लागेल तेवढेच दळायला लागल्या असतील तर तसे लिहा, अजून काही बदलले नसेल तर तेही लिहिता येते. मोकळी जागा आपल्या अंदाजाने भरण्याचा मोह आवरला नाही की मग उंबरठा यांच्या वाट्याला आला तसा प्रसंग घडतो.

रानवारा

मी निवृत्त वडिलांच्या आठवणी लिहून काढतो आहे. ते बोलतात आणि मी लिहितो. पुस्तकावर त्यांचे नाव आणि खाली "शब्दांकन" म्हणून माझे नाव द्यायचे ठरले आहे. आपल्याकडे ही पद्धत रूढ आहे आणि त्यात कोणालाही काही गैर वाटत नाही. इथेही तसेच करावे, म्हणजे वादच मिटेल.

उंबरठा

रानवारा, प्रश्न पुस्तकाचा नाही; पण तुमच्या सूचनेत तथ्य आहे, आणि मला नेमके हेच हवे आहे. प्रत्येक मजकुराखाली नाव टाकणे अवघड असेल, तर संस्थापिकेने आपल्या परिचयात एक ओळ लिहावी की मी बोलते आणि सहकारी शब्दांकन करते. यात तिचे काय कमी होते? हे लपवायचेच असेल, तर का लपवायचे याचे उत्तर कोणीतरी द्यावे.

जुना लेखनिक

लिहायला माझी हरकत नाही आणि एक-दोन जणांना मी तसे सुचवलेही आहे. पण त्या एका ओळीने वाचकाचे रक्षण होईल असे मला वाटत नाही. तुमच्या संस्थापकाने ती ओळ लिहिली असती, तरी तो लेख त्याने वाचलेलाच नव्हता. म्हणून मी मान्यतेची पद्धत बदलली. मसुदा पाठवला की अंगठ्याचे चिन्ह मी मान्यता म्हणून स्वीकारत नाही. मजकूर मोठ्याने वाचून त्याचे ध्वनिमुद्रण पाठवा, एवढाच माझा आग्रह असतो. लिंक्डइनची मर्यादा ३,००० अक्षरांची आहे, आणि आपला मजकूर तर त्याहून बराच लहान असतो, त्यामुळे वेळ नाही ही सबब टिकत नाही. वाचताना त्या जिथे अडखळतात ते वाक्य त्यांचे नसते, आणि जिथे न कळत शब्द बदलून वाचतात तिथे बदललेला शब्द खरा असतो. प्रसिद्ध झालेल्या मजकुराखालच्या प्रतिक्रियांना आणि आलेल्या खाजगी संदेशांना उत्तरे मात्र त्यांनीच द्यायची; ते काम मी पैसे घेऊनही करत नाही.

धान्यकोठार

मी खाद्यतंत्रज्ञ आहे आणि एका वेगळ्याच धोक्याकडे लक्ष वेधतो. बोलीशी प्रामाणिक राहण्याच्या भरात लेखक एक गोष्ट विसरतात. तुमच्या संस्थापिका गुळाच्या लाडवाबद्दल सहज म्हणतील, "यात साखर नाही." समोरच्या माणसाला गूळ आहे हे ठाऊक असते, त्यामुळे बोलण्यात ते खोटे ठरत नाही. तेच वाक्य कंपनीच्या प्रमुखाच्या नावाने प्रसिद्ध झाले की तो उत्पादनाबद्दलचा दावा होतो. एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनुसार "शुगर फ्री" म्हणायचे तर १०० ग्रॅममध्ये शर्करा ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि गुळातली शर्करा त्यात धरली जाते. इथे बोली मोडावीच लागेल : "यात गूळ आहे."

पाटीपेन्सिल

हे मी लक्षात घेतले नव्हते. तरीही सांगतो, प्रत्येक वाक्य असे तपासायला लागलो तर बोलण्यातला मोकळेपणा उरणार नाही.

जुना लेखनिक

प्रत्येक वाक्य तपासण्याची गरज नसते. पदार्थात काय आहे, तो खाऊन काय होते, आकडे आणि दुसऱ्या माणसाबद्दलची विधाने, एवढे वेगळे काढून खात्री करून घ्यावी. वरच्या उताऱ्यात "अकरा दिवस" हा आकडा आहे, तो दळणाच्या नोंदवहीतून पाहावा. आणि वितरक चिडला हे लिहिण्याआधी त्याला विचारावे, नाव नसले तरी. छोट्या धंद्यात कोण ते सगळ्यांना कळते. बाकी वाक्ये मोकळीच राहू द्यावीत.

आणि सदाफुली, त्या अर्ध्या तासात प्रश्न कोणते विचारता यावरही पुष्कळ अवलंबून आहे. "नेतृत्वाबद्दल काय वाटते" असे विचारले की माणूस भाषण देतो, आणि भाषणात सगळ्यांची बोली सारखीच होते. "या आठवड्यात कोणाला नाही म्हणालात?" किंवा "पैसे कुठे अडकले आहेत?" असे विचारा आणि मग थांबा. पहिले उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. उपयोगाचे वाक्य बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येते.

सदाफुली

मोठ्याने वाचून घेण्याची कल्पना आजच त्यांना सांगितली आणि त्या तयार झाल्या. परिचयातल्या ओळीबद्दल विचार करते म्हणाल्या. एक अडचण मात्र उरते. त्यांच्या कारखान्यातल्या सर्वांत जुन्या भट्टी कामगाराचे नुकतेच निधन झाले. त्यांनी मला सांगितले, "तूच लिही, मला बोलवत नाही." म्हणजे ध्वनिमुद्रणच नाही, पण त्या दोघांच्या गोष्टी मी त्यांच्या तोंडून कित्येकदा ऐकल्या आहेत.

उंबरठा

हे लिहू नका. त्या माणसाच्या घरचे ते वाचतील आणि प्रत्येक शब्द बाईंचा समजून जपून ठेवतील.

जुना लेखनिक

इथे मी उंबरठा यांच्या बाजूने पूर्ण नाही. त्यांच्या तोंडून आधी ऐकलेली एखादी गोष्ट, त्यांच्याच शब्दांत, चार ओळींत मांडून त्यांच्यापुढे ठेवायला हरकत नाही. त्यांना ती वाचता आली तर प्रसिद्ध करावी. दुःखाचे शब्द मात्र तुम्ही घालू नका. ते त्यांना सुचतील तेव्हा सुचतील.

उंबरठा

वाचता आले म्हणजे ते त्यांचे झाले, हे मला अजूनही मान्य नाही. दुःखात माणूस समोर ठेवलेल्या कोणत्याही चांगल्या शब्दांना हो म्हणतो. निदान काही दिवस थांबा.