शब्दचर्चा: नवजात बाळाच्या ‘विथड्रॉवल’ला मराठीत काय म्हणावं?

शर्वरी_द
मुंबईतल्या एका व्यसनमुक्ती केंद्रासाठी गरोदर बायकांना द्यायचं चार पानी पत्रक मराठीत करते आहे. यातल्या बऱ्याच जणी आधी गर्द ओढायच्या, आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीवर आहेत. मूळ मजकुरात दर दोन ओळींनी ‘निओनेटल ॲबस्टिनन्स सिंड्रोम’ येतं. ‘नवजात वर्जन संलक्षण’ असं केलं तर ते वाचायला पुन्हा माझ्याकडेच यावं लागेल. ‘तलफ’ चालेल का? बातम्यांमधलं ‘व्यसनी बाळ’ मला खटकतं, पण का खटकतं ते नीट सांगता येत नाही.

सातारकर_आजोबा
यात अवघड काय आहे? ‘अफू चढणे’ असा जुना शब्द आहे. गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्याला बाळगोळी द्यायच्या, त्यात अफू असे. पोर दिवसभर पडून राही. माझी आजी परळच्या चाळीत राहिलेली, ती सांगायची की एखादं पोर असं निजे की हलवूनही उठत नसे.

निशिगंध
आजोबा, बाळगोळीचं तुम्ही सांगता ते खरंच आहे, पण इथे नेमकं उलट घडतं. तुमच्या गोष्टीत अफू बाळाच्या पोटात जाते आणि श्वास मंदावतो. शर्वरी विचारते आहे ते अफूच्या जातीचं औषध अचानक थांबल्यावरचं. नऊ महिने ते नाळेतून मिळत होतं, नाळ कापली आणि बंद झालं. इतके दिवस त्या औषधाच्या दाबाखाली काम करताना बाळाच्या मेंदूने आपला जोर वाढवलेला असतो. दाब जातो, जोर उरतो. म्हणून हे बाळ निजत नाही, तर कशानेच शांत होत नाही.

‘तलफ’ मला नको वाटते. तलफ मनाला येते, ती भागवायला माणूस धडपडतो. बाळाला काही हवंसं वाटत नसतं, त्याचं शरीर फक्त सवयीचं झालेलं असतं. ‘व्यसनी बाळ’ म्हणूनच चूक. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही पुन्हा तिकडेच जाणं, आणि ते दोन दिवसांचं मूल कसं करणार?

विक्रांत_एम
‘उतारा’ हा शब्द का नाही घेत? नालोक्सोन हा अफूचा उतारा. बाळ जन्मलं की तो टोचायचा, विषय संपला. खरं तर आईनेच सातव्या महिन्यात सगळं बंद करावं म्हणजे बाळ स्वच्छ जन्मेल. आणि अंगावर पाजणं तर बिलकूल नको, दुधातून तेच जाणार.

निशिगंध
विक्रांत, ‘उतारा’ इथे घोळ करेल, कारण त्याचे दोन अर्थ आहेत. विषावरचा उतारा वेगळा आणि दारू उतरल्यावर सकाळी घेतात तो घोटभर उतारा वेगळा. या बाळांना औषध लागलंच तर ते दुसऱ्या अर्थाचं, म्हणजे थोडं मॉर्फीन देऊन हळूहळू कमी करायचं. पहिल्या अर्थाचा उतारा, तुमचं नालोक्सोन, अशा बाळाला दिलं तर जो त्रास दोन दिवसांनी हळूहळू आला असता तो मिनिटांत येतो आणि झटकेही येऊ शकतात. म्हणून प्रसूतीच्या खोलीत बाळ नीट श्वास घेत नसेल तर श्वासाला आधार देतात, ते टोचत नाहीत.

आईने आपल्या मनाने बंद करण्याचंही तसंच. अशा बायका पुन्हा रस्त्यावरच्या मालाकडे वळण्याचा धोका मोठा असतो, आणि मधल्या काळात सहनशक्ती कमी झालेली असल्याने जुनी मात्रा जिवावर बेतते. गोळी चालू ठेवणं हाच उपचार आहे. बाळाला त्यामुळे त्रास होऊ शकतो, पण त्याची वेळ आधीच माहीत असते आणि त्यावर इलाज करता येतो.

दुधाबाबत तुम्ही अर्धे बरोबर आहात. आई अजून गर्द घेत असेल तर पाजू नये. पण ठरलेल्या गोळीवर स्थिर असेल तर ब्युप्रेनॉर्फिन दुधात फार थोडं उतरतं, आणि अंगावर पिणाऱ्या बाळांना औषधाची गरज कमी पडते. एचआयव्ही असेल तर पाजण्याचा निर्णय डॉक्टरांबरोबर वेगळा घ्यावा लागतो.

शर्वरी_द
निशिगंध, तू हे रोज पाहतेस असं दिसतंय. नेमकं काय दिसतं ते सांगशील? क्रियापदं मिळाली की शब्द सापडेल.

निशिगंध
आधी पुण्यात नवजात विभागात होते, आता ओहायोत त्याच कामावर आहे. इथे अशी बाळं पुष्कळ. एका बाळाचं सांगते, ओळख पटेल असं काही न ठेवता.

पूर्ण दिवसांचं, 2.9 किलोचं, आई ब्युप्रेनॉर्फिनवर. पहिला दिवस अगदी छान, आजी म्हणाली, ‘उगाच घाबरवता तुम्ही.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिंका सुरू झाल्या, एकामागून एक, मध्ये जांभया. मग रडणं बदललं, चिरकं आणि टिपेचं झालं. कुणी हात न लावताही हनुवटी आणि हात थरथरायला लागले. भूक तर इतकी की तोंड सारखं शोधतंय, मूठ चोखतंय, पण स्तन तोंडात दिला की चोखण्याला ताल नाही, दूध गालावर ओघळतंय, प्यालं तेवढं ओकतंय. पातळ शी होऊन दिवसभरात ढुंगण सोललं. पाय ताठ करून घासल्याने टाचा लाल.

थरथर म्हणजे झटका नव्हे, हे पत्रकात लिही. थरथरणारा हात आपल्या मुठीत हलकेच धरला की थांबतो. झटका धरून थांबत नाही.

उपचाराची सुरुवात औषधाने होत नाही. खोलीत उजेड कमी, टीव्ही बंद, येणारेजाणारे कमी, बाळ दुपट्यात गुंडाळून किंवा उघडं आईच्या छातीवर, थोडंथोडं दूध वारंवार. पूर्वी 1975 पासूनचा फिनेगन तक्ता भरायचो, दर तीन-चार तासांनी एकवीस लक्षणांना गुण द्यायचे. निजलेलं बाळ त्यासाठी उठवायचं आणि मग रडतं म्हणून गुण वाढायचे, असा प्रकार! आता बऱ्याच ठिकाणी तीनच गोष्टी पाहतात: बाळ पुरेसं पितं का, सलग तासभर निजतं का, आणि रडलं तर दहा मिनिटांत शांत होतं का. अमेरिकेतल्या 26 रुग्णालयांत या दोन पद्धतींची तुलना झाली, 2023 साली छापून आली. जुन्या पद्धतीत बाळ घरी जाण्याजोगं व्हायला सरासरी 14.9 दिवस लागले, नव्या पद्धतीत 8.2. मॉर्फीनसारखं औषध लागणाऱ्या बाळांचं प्रमाणही निम्म्याहून खाली आलं.

आमचं बाळ तिसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रश्नावर अडलं. आई पाऊण तास छातीशी धरून बसली तरी रडं थांबेना, आणि ती स्वतः दोन रात्री जागी. आधी एका नर्सने तासभर बाळ घेतलं, आईला झोपवलं. तरीही जमेना तेव्हा मॉर्फीन तोंडाने दिलं, किलोला 0.04 मिलिग्रॅमच्या हिशेबाने, म्हणजे जेमतेम 0.12. संध्याकाळी पुन्हा एकदा द्यावं लागलं, मग लागलं नाही. आठव्या दिवशी घरी गेलं. दचकणं आणि अधूनमधून किरकिर पुढे काही आठवडे राहू शकते, ते आईला आधीच सांगितलं होतं.

मृणाल_ठाणे
हे वाचून हात गार पडले. माझ्या जावेला पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल दिलं होतं, ती सात-आठ महिने रोज घ्यायची. दुकानदार चिठ्ठीशिवाय द्यायचा. बाळंतपण नॉर्मल, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्याच रात्री पोर किंचाळायला लागलं. सासूबाई म्हणाल्या पोटात वात धरलाय, ओवा शेकला, धुरी दिली, दृष्ट काढली. गोळीचा कुणाच्या डोक्यात विचारही आला नाही, तिनेही डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं. ते हेच होतं का?

निशिगंध
असू शकतं, ट्रॅमाडॉलने होतं. पण इथून ‘तेच होतं’ असं मी म्हणणार नाही. थरथरणाऱ्या बाळाची साखर आणि कॅल्शियम आधी तपासतात, जंतुसंसर्ग नाही ना ते पाहतात, कारण तिन्हींत बाळ असंच दिसू शकतं. पोटशुळाचं म्हणाल तर ते दुखणं सहसा दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री शिंका, थरथर आणि पातळ शी एकत्र आली तर ओवा शेकत बसू नये. गर्दचा त्रास बहुधा पहिल्या चोवीस तासांत दिसतो, ब्युप्रेनॉर्फिनचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी त्याहून उशिरा. म्हणून त्या बाळांना चार ते सात दिवस रुग्णालयात ठेवतात. शर्वरी, पत्रकातली सर्वांत कामाची ओळ हीच: घरी जायची घाई करू नका, आणि कुठली गोळी घेता ते प्रसूतीच्या आधी सांगा.

शर्वरी_द
मूळ मजकुरात दारूही याच मथळ्याखाली घातली आहे. मग दोन्हीला एकच शब्द का?

निशिगंध
वेगळे करशील तर बरं. दारू सुटल्याचा त्रास नवजाताला होतो, पण क्वचित, आणि तोही जन्मानंतर काही तासांतच, थरथर, चिडचिड, कधी झटके. तो ओसरतो. दारूचं खरं नुकसान गर्भात आधीच झालेलं असतं, मेंदू घडतानाच. ते ओसरत नाही आणि त्यावर औषध नाही. काही बाळांचा वरचा ओठ पातळ असतो, नाकाखालची पन्हळ सपाट असते, डोळ्यांच्या फटी आखूड असतात. 1973 साली सिॲटलच्या डॉक्टरांनी या सगळ्याला एकत्र नाव दिलं. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. शाळेत गेल्यावर लक्ष न लागणं, हिशेब न जमणं, केल्याचा परिणाम न कळणं यातून ते बाहेर येतं, आणि तोवर बाळंतपणाचा कागद कुणी उघडत नाही. अफूच्या गटात जन्मानंतरचा आठवडा अवघड असतो. दारूत पहिला आठवडा शांत गेला म्हणून सुटलो असं समजता येत नाही.

विक्रांत_एम
नालोक्सोनचं मान्य. शब्दाचं म्हणाल तर ‘खाडा’ कसा वाटतो? ‘औषधाचा खाडा झाल्याचा त्रास.’ सगळ्यांना कळेल.

मृणाल_ठाणे
खाडा म्हटलं की आईने गोळी चुकवली असं वाटतं. पुन्हा दोष तिलाच.

सातारकर_आजोबा
गर्दुल्ले ‘टर्की’ म्हणतात, आमच्या गल्लीत ऐकलंय. केंद्रातल्या बायकांना तोच शब्द चटकन कळेल. छापायला बरा दिसत नाही, एवढंच.

शर्वरी_द
मथळा तूर्त असा करते: ‘नाळेतून मिळणारं औषध थांबल्यावर बाळाला होणारा त्रास’. पुढे नुसतं ‘औषध थांबल्याचा त्रास’. दारूला वेगळं पान. ‘टर्की’ समुपदेशकांना तोंडी वापरायला सांगेन.

निशिगंध
लांब आहे, पण चालेल. गर्द घेणाऱ्या बाईसाठी मात्र ‘औषध’ हा शब्द बसत नाही, तिच्यासाठी काय करणार?

शर्वरी_द
तिथेच अडले आहे. ‘नशा’ लिहिलं तर गोळीवाल्या बायका दुखावतात, आणि पत्रक दोघींच्या हातात एकच जाणार.