पगार लेखी मागावा की फोनवर?

भुसावळकर: जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात प्रॉडक्शनला आहे, हातात 31,500 येतात. चाकणहून 5,40,000 सीटीसीची ऑफर आली. त्यात 54,000 व्हेरिएबल, बेसिक महिना 18,000. तीस दिवसांत रुजू व्हा म्हणतात, माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा. ‘साडेसहा लाख दिले तरच येईन’ असं पत्र पाठवू का?

चाळीसगावची ताई: मी भरतीचंच काम करते. भाऊ, सीटीसीवर भांडू नकोस, हातात येणाऱ्या पगारावर बोल. 54,000 व्हेरिएबल बाजूला काढ, ते मिळेलच असं नाही. कंपनीचा पीएफ 15,000 च्या मर्यादेवर धरला तर वर्षाला 21,600, ग्रॅच्युइटी साधारण 10,400. उरले महिन्याला 37,800. तुझा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स गेला की हातात 35,800. म्हणजे सव्वाचार हजारांसाठी घर सोडून चाकणला खोली भाड्याने घ्यायची. हाच हिशेब धरून असं पत्र लिही:

‘ऑफरबद्दल आभारी आहे, आपल्याकडे काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. निश्चित मासिक पगार, व्हेरिएबल, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सोडून, 42,000 व्हावा अशी विनंती आहे. सध्याच्या कंपनीत साठ दिवसांची नोटीस असल्याने सुधारित ऑफर लेटर मिळाल्यापासून 65 दिवसांत रुजू होऊ शकेन.’

कॅलेंडरची तारीख टाकू नकोस. त्यांचं उत्तर यायला पंधरा दिवस लागले, तर ते पंधरा दिवस तुझ्याच नोटिशीतून जातात.

धुळ्याचे नाना: लेखी काही देऊ नका. मागणी केली की कायद्याने मूळ ऑफर संपते, मग 5,40,000 पण गेले. फोन करा, माणूस आवाजावरून ओळखू येतो.

चाळीसगावची ताई: नाना, ‘तरच येईन’ लिहिलं तर तुमचं बरोबर आहे, तो नवा प्रस्ताव ठरतो. नुसती विनंती केली तर तसं होत नाही. पण कंपनी रुजू होण्याआधी ऑफर मागेही घेते, हा धोका फोनवरही आहेच.

शिरपूरचे आबा: माझ्या पोराने फोनवर ‘हो’ ऐकून राजीनामा टाकला. साहेब बदलले, नवीन माणूस म्हणे असं काही ठरलंच नव्हतं. दोन महिने पोरगं घरी, केळीच्या बागेत माझ्यासोबत. नोटीस विकत घेतात म्हणे, ते विचारा ना.

चाळीसगावची ताई: आबा, ते आधी सध्याच्या कंपनीच्या नियमात बसायला हवं. नोटिशीचे पैसे भरून लवकर सोडायची सोय तिथे नसेल, तर नव्यांनी पैसे दिले तरी रिलीव्हिंग लेटर अडतं.

धुळ्याचे नाना: तरी मी म्हणतो आधी फोन, मग त्याच दिवशी पत्र. अचानक आलेला मेल उद्धट वाटतो.

भुसावळकर: माझ्या नेमणूकपत्रात लिहिलंय, ‘व्यवस्थापनाच्या मर्जीने’ नोटीस कमी होईल. राजीनामा दिल्याशिवाय ती मर्जी विचारायची कशी?