टूजीत सगळे सुटले, मग कॅगचा उपयोग काय?

नाना_सातारकर: २०१० ला कॅगने टूजी स्पेक्ट्रमच्या वाटपात १ लाख ७६ हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा दिला, देशभर बोंबाबोंब झाली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये स्पेशल कोर्टाने सगळ्यांना सोडलं. असल्या ऑडिटवर विश्वास का ठेवायचा?

मकरंद७७: नकोच ठेवू. नोव्हेंबर २०१२ ला परत लिलाव झाला तेव्हा साडेनऊ हजार कोटीसुद्धा आले नाहीत. तो आकडा हवेतलाच होता, तेव्हाचे कॅग विनोद राय यांना हिरो व्हायचं होतं.

लेखणीवाली: मकरंद, अर्धंच सांगतोयस. अहवालात एकच आकडा नव्हता, ५७ हजार कोटींपासून वर वेगवेगळे अंदाज होते, सगळ्यात मोठा थ्रीजीच्या लिलावाच्या भावावरून काढलेला आणि पेपरवाल्यांनी तेवढाच उचलला. तो फुगलेला होता हे मलाही मान्य. पण नाना, आकडा खोडून टाकला तरी बाकीचं वाचा की. २००८ मध्ये देशभराचं लायसन्स १,६५८ कोटींना दिलं, म्हणजे २००१ चाच भाव. अर्जांची मुदत १ ऑक्टोबर २००७ जाहीर केली होती, ती १० जानेवारीला अचानक २५ सप्टेंबरवर मागे नेली, आणि त्याच दुपारी काही कंपन्या कोट्यवधींचे डीडी तयार घेऊन हजर! फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने १२२ लायसन्स रद्द केली ती हे वाटप मनमानी म्हणून. लाच घेतली का हा वेगळा खटला, तो सीबीआयला शाबित करता आला नाही. त्यावरचं अपील दिल्ली हायकोर्टाने २०२४ ला दाखल करून घेतलंय.

बंड्या_बार्शी: आमच्या गावात रस्ता कागदावरच झालाय, कॅगला पत्र टाकलं तर येतील का ओ ताई?

लेखणीवाली: बंड्याभाऊ, ग्रामपंचायतीचं नेहमीचं ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षावाले करतात. आधी माहिती अधिकारात त्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका आणि बिलं मागा, त्या पुस्तिकेत लिहिलेली लांबी-जाडी आणि जागेवरची यात फरक दिसला की तक्रारीत तोच लिहा.

मकरंद७७: बरं ताई, कॅग राहू दे. कॅगचे अहवाल तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीने काय दिवे लावले? अध्यक्ष विरोधी पक्षाचे मुरली मनोहर जोशी, तरी एप्रिल २०११ ला २१ पैकी ११ जणांनी अहवालाचा मसुदाच फेटाळला, जोशी उठून गेल्यावर काँग्रेसच्या सैफुद्दीन सोझना अध्यक्ष करून मोकळे. जोशींनी मसुदा लोकसभा अध्यक्ष मीरा कुमारांकडे दिला, त्यांनी परत पाठवला. झालं.

लेखणीवाली: हे मात्र खरंय. १९६७ पासून अध्यक्ष विरोधकांचा असायचा पायंडा आहे, पण सदस्य पक्षांच्या संख्याबळावर येतात, म्हणजे बहुमत सत्तेतल्यांचंच. लहानसहान परिच्छेदांवर समिती एकमताने सचिवांना घाम फोडते, पंतप्रधान कार्यालयाचं नाव आलं की सगळे आपापल्या पक्षाचे होतात.

नाना_सातारकर: मग निम्मे सदस्य विरोधकांचे घ्या की.

मकरंद७७: हो, म्हणजे दर अहवालात सरकार चोर. ते चालेल का नाना?