विषय: शेजारच्या गुजराती बेनना एका ओळीची शुभेच्छा (घाईचं आहे)

मेधा, सोमवार २० ऑक्टोबर २०२५
मंडळी, फराळाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवायची आहे. गुजरातीत एकच ओळ, अर्थासकट, आणि दारात म्हणायची कशी तेही. 'हॅपी दिवाली' नको.

सुहास
'साल मुबारक हो.' झालं काम. डब्यात चकली असेल तर आमचंही दार लक्षात असू द्या.

वैशाली
'हो' हिंदीतलं, ते काढा. असं लिहा:

तमने अने तमारा परिवारने साल मुबारक.

म्हणजे तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना नवं वर्ष सुखाचं जावो. म्हणताना 'तम्‌ने' असं जोडून. हिंदीच्या सवयीने 'तुमने' निसटतं, ते नको. इथला 'ने' म्हणजे आपला 'ला'. वयाने मोठ्या बाईंना 'तने' तर मुळीच नाही, ते एकेरी होतं. आधी नावापुढे 'बेन' लावून हाक मारा. त्या 'तमने पण' म्हणतील, त्यावर 'जय श्रीकृष्ण' म्हटलं की पुरे.
आणि डबा आज देणार असाल तर ही ओळ चुकीची. आज 'शुभ दिवाळी'. साल मुबारक बेसता वर्षाला, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्याला.

श्रीकांत
'मुबारक' का? सणाला संस्कृत शब्द शोभतो. 'नूतन वर्षाभिनंदन' लिहा.

वैशाली
तेही बरोबर, छापील कार्डावर तेच असतं. फक्त 'वर्ष अभिनंदन' असं तोडू नका. दारात मात्र हिंदू, जैन, पारशी सगळे सर्रास साल मुबारकच म्हणतात.

अनघा
बेन जैन असतील तर मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं असतं ना? आमच्या ऑफिसात मेल येते.

वैशाली
ती संवत्सरीची, पर्युषण संपताना भाद्रपदात. तो क्षमा मागण्याचा शब्द आहे. दिवाळीत म्हटलात तर त्या विचारतील, काय झालं? साल मुबारक जैनांनाही चालतं.

सुहास
मग डबा उद्या की परवा? कॅलेंडरात दिवाळी आज, उद्याचा दिवस रिकामा.

वैशाली
तो 'धोको', पडतर दिवस. भारतात अमावास्या २१ ला संध्याकाळी ५.५४ ला संपते, म्हणून बेसतुं वरस बुधवारी २२ ला, विक्रम संवत २०८२.

श्रीकांत
भारतात, हो. आपल्याकडे कॅलिफोर्नियात तीच वेळ म्हणजे मंगळवारी पहाटे ५.२४, सूर्योदयाच्या आधी. मग उदयतिथीने पाडवा उद्याच! हे मी कार्यकारिणीला सप्टेंबरातच लिहिलं होतं.

वैशाली
गणित बरोबर, पण बरीच घरं भारतातलीच तारीख धरतात आणि बाकीची आपल्या मंदिराची. बेननाच विचारा, 'बेसतुं वरस क्यारे छे?' म्हणजे कधी आहे. त्या सांगतील त्या दिवशी सकाळी लवकर जा.

मेधा
विचारते. तोवर डब्यावर दोन चिठ्ठ्या करून ठेवते. अनारसे मऊ पडणार नाहीत ना बुधवारपर्यंत?