घोटा मुरगळलेला असताना खांदे, हात आणि पोट-कंबर मजबूत कसे ठेवलेत? अनुभव सांगा

फोंड्याची व्हॉलीबॉल कोच
पावसाळा आला की चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, मैदानं चिखलाची होतात, आणि माझ्या मुलींपैकी एखादीचा तरी पाय वळतोच. घोट्याला पट्टी बांधली जाते आणि व्यायाम पूर्ण बंद होतो. तीन आठवड्यांनी मुलगी परत येते तेव्हा घोटा बराचसा बरा असतो, पण सर्व्हिस नेटच्या पलीकडे जात नाही. मला हे टाळायचं आहे.

घोट्याचे स्वतःचे व्यायाम इथे नकोत, ते फिजिओ सांगतातच. पहिल्या तीन-चार आठवड्यांत कमरेच्या वर काय केलंत, आणि वरचा म्हणून केलेला कोणता व्यायाम शेवटी घोट्यावरच आला, तेवढं लिहा.

डिचोलीचा डिफेंडर
ताई, माझा उजवा पाय गेल्या मोसमात हेडरनंतर खाली येताना आत वळला. बाहेरच्या बाजूला सूज, दुसऱ्या दिवशी निळं-जांभळं. डॉक्टरांनी दोन्ही घोट्यांच्या हाडांच्या मागच्या कडा आणि टोकं दाबून पाहिली, पावलाच्या बाहेरच्या कडेचं मधलं हाड दाबलं, आतल्या बाजूचं दाबलं, मग चार पावलं टाकायला लावली. लंगडत का होईना, टाकली. हाडावर कुठेच दुखलं नाही, म्हणून एक्स-रे काढला नाही. लिगामेंट अर्धवट फाटलंय, असं सांगितलं.

सूज उतरायला लागल्यावर घरीच सुरुवात केली. जमिनीवर गादी, उजव्या पायाखाली दोन उशा, आणि पाठीवर झोपून डंबेल वर ढकलायचे. कोपर जमिनीला टेकलं की थांबायचं. बेंचवर आपण नकळत पायांनी जमीन रेटतो, ते इथे होत नाही. डंबेल नेहमीचेच, १२ किलोचे. सेट मात्र चाराचे दोन केले. उचलून हातात द्यायला भाऊ असायचा, कारण वजन घेऊन लंगडत चालणं हाच सगळ्यात धोक्याचा भाग.

मग खिडकीच्या गजाला रबराचा बँड बांधून, खुर्चीत बसून पाठीसाठी ओढायचं. इथे एक गोष्ट लक्षात आली. बसून करायचे सगळे व्यायाम सलग केले आणि पाय खाली लोंबत राहिला, तर संध्याकाळी मोज्याची खूण खोल उमटते. म्हणून समोर दुसरी खुर्ची ठेवून पाय तिच्यावर घेतला, आणि बसायचे व्यायाम झोपायच्या व्यायामांच्या मध्ये मध्ये घातले. मग खूण पूर्वीसारखी पुसट झाली. आठवड्यातून दोन वेळा एवढंच करायचो. मैदानात परतलो तेव्हा खांद्याची धडक तशीच होती.

वास्कोचा जिमवाला
ताई, प्लँक का सोडायचा? प्लँकमध्ये घोटा हलतच नाही. काटकोनात लॉक असतो. माझा घोटा मुरगळला होता तेव्हा मी रोज प्लँक आणि साइड प्लँक दोन्ही केले. कोअरसाठी याहून सोपं काही नाही, ना वजन लागतं ना मशीन. लोक उगाच घाबरतात.

बांबोळी परिसरातली फिजिओ
वास्कोचे दादा, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. पाऊल नडगीशी काटकोनात असलं की घोट्याचा सांधा बऱ्यापैकी घट्ट बसतो. टाच वर जाऊन पाऊल खाली ताणलं जातं तेव्हाच तो सैल असतो, आणि बहुतेक घोटे त्याच स्थितीत आत वळतात. पण साध्या प्लँकमध्ये भार चवड्यावर येतो, पोटरी सतत काम करते, आणि माणूस दमला की टाचा बाहेर कलायला लागतात. सूज असेपर्यंत म्हणून नको. नंतर, पायरी चढताना चवड्यावर भार घेऊन दुखत नाही असं झालं, की खुशाल करा.

साइड प्लँकची गोष्ट वेगळी. दुखरा पाय खाली असेल तर सगळं वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतं आणि जमीन पावलाला आत ढकलते. पाय वळताना लिगामेंट ज्या दिशेने ताणलं गेलं तीच ही दिशा. तुम्हाला त्रास झाला नाही, तुमची दुखापत हलकी असेल. पण दुसऱ्याला मी हे सांगणार नाही. त्याऐवजी गुडघे वाकवून, गुडघ्यावरचा साइड प्लँक करा. कमरेच्या बाजूचे स्नायू तेच काम करतात आणि पाऊल हिशेबातच येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची राहून जाते. गुडघ्यावरचे पुशअप किंवा हात-गुडघ्यांवर येऊन उलटा हात, उलटा पाय लांब करायचा व्यायाम 'घोट्याला सुरक्षित' म्हणून सांगितला जातो. पण गुडघ्यावर आलात की पावलाची वरची बाजू जमिनीला चिकटते, म्हणजे पाऊल पूर्ण खाली ताणलं जातं. घोट्याच्या पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यातलं लिगामेंट या स्थितीत ताणतं, आणि मुरगळण्यात सर्वांत जास्त वेळा तेच दुखावलं जातं. वज्रासनात का बसवत नाही, त्याचंही कारण हेच. उपाय सोपा आहे: जाड गादीच्या कडेला गुडघे ठेवा आणि पावलं कडेबाहेर मोकळी सोडा. लगेच फरक कळतो.

पहिल्या आठवड्यात पोटासाठी मी पाठीवरचाच व्यायाम देते. गुडघे काटकोनात वर, हात छताकडे. एक हात डोक्याकडे आणि विरुद्ध पाय पुढे, सावकाश, श्वास सोडत. टाच जमिनीला टेकवायची नाही. कंबर गादीवरून सुटली की तिथपर्यंतच जायचं, पुढे नाही.

पखवाजवाला, वास्को
मी जिमला जात नाही, तरी लिहितो. दामोदर सप्ताहाच्या आधी माझा डावा घोटा मुरगळला. मांडी घातली की घोट्याचं बाहेरचं हाड थेट जमिनीवर दाबतं, तासभर बसणं अशक्य. शेवटी लाकडी पाट उंच करून पाय पुढे सोडून बसलो, पण पाठ लवकर भरून आली आणि थाप हलकी पडायला लागली. हे कोअरचंच म्हणायचं का? की नुसती सवय मोडल्यामुळे?

बांबोळी परिसरातली फिजिओ
दोन्ही असावं, बुवा. मांडीत ओटीपोटाखालचा पाया रुंद असतो, पाय लांब सोडले की कंबर मागे गोल होते आणि पाठीला जास्त धरावं लागतं. पाटाऐवजी गुडघ्याच्या उंचीचं स्टूल घ्या, पखवाज समोर तेवढ्याच उंचीवर ठेवा. बसल्या बसल्या बँड छातीसमोर धरून बाजूच्या ओढीला न वळता हात पुढे लांबवायचा व्यायाम तुमच्यासाठी चांगला. थापेच्या वेळी धड फिरू न देणं, हेच तर तुम्हाला हवं आहे.

म्हापशाची काकी
मला कुबड्या दिल्या होत्या. काखेत टेकून चालायचे, तर दोन दिवसांत बोटांना मुंग्या यायला लागल्या. सुनेने फिजिओला विचारलं. त्यांनी काखेत दोन बोटांचं अंतर ठेवायला आणि भार तळहातावर घ्यायला शिकवलं. मुंग्या गेल्या, पण संध्याकाळी दंड आणि खांदे भरून यायचे. अशा वेळी वरून हातांचे व्यायाम करायचे का? आणि मला बीपी आहे.

बांबोळी परिसरातली फिजिओ
काकी, कुबड्यांवर दिवसभर तुम्ही ढकलायचाच व्यायाम करत असता. म्हणून तेवढ्या दिवसांत छाती-दंडाचे ढकलायचे व्यायाम जवळजवळ सोडाच. ओढायचे करा, बँड पोटाकडे आणि खांद्याची पाती मागे. बीपीमुळे श्वास रोखून जोर लावायचा नाही. जोर लावताना आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. बँडही हलका घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. पोटरी एकाच बाजूची दुखून, गरम होऊन फुगली, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. पाय फार हलत नसताना तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते.

मडगावची नर्स
पुलअप्सबद्दल कुणी लिहिलं नाही. ओढताना घोट्यावर काहीच येत नाही, हे खरं. पण बारवरून उतरताना आपण उडी मारतो. आमच्या वॉर्डातला एक मुलगा बरा होत आलेला घोटा त्यातच पुन्हा दुखवून आला. मजबूत स्टूल खाली हवं, चांगला पाय आधी टेकवायचा. नाहीतर मशीनवर बसून बार छातीकडे ओढलेला बरा, तिथे मांड्या गादीखाली अडकतात आणि पाय नुसते टेकलेले असतात.

पणजीचा पोहणारा
मी कांपालच्या तलावात मांड्यांमध्ये फोम धरून फक्त हातांनी पोहलो. खांदे, पाठ, पोट सगळं टिकलं. मला तर हाच सर्वोत्तम मार्ग वाटतो.

बांबोळी परिसरातली फिजिओ
इथे माझं पूर्ण पटत नाही. पाण्यात पाऊल सैल सोडलं तरी ते खाली ताणलेलंच राहतं, आणि वळताना भिंतीला लाथ बसते. ओल्या कडेवरून चालत जाणं वेगळंच. माझे काही सहकारी दुसऱ्या आठवड्यात पाठवतात, मी चालताना लंगडणं थांबेपर्यंत थांबते. भिंत न ढकलता थांबून वळणार असाल, तर तुमच्या फिजिओशी बोलून ठरवा. समुद्राबद्दल मात्र माझं ठाम नाही. मिरामारची वाळू चालायला मऊ वाटते, पण पावलाखाली कलत राहते, आणि पावसाळ्यात पाण्यात शिरायचंच नसतं.

वास्कोचा जिमवाला
गादीच्या कडेचं आजच करून पाहिलं. पावलं मोकळी सोडून गुडघ्यावरचे पुशअप केले. घोट्याच्या पुढे जो ओढ लागायचा तो खरंच गेला. साध्या प्लँकबद्दल अजून तुमच्याशी वाद आहे, पण साइड प्लँक गुडघ्यावर घेतो.

फोंड्याची व्हॉलीबॉल कोच
डॉक्टरबाई, माझ्या मुलींसाठी शेवटचा प्रश्न. उभं राहून डोक्यावर वजन ढकलणं परत कधी सुरू करायचं?

बांबोळी परिसरातली फिजिओ
तारीख मी देत नाही, ताई. मुलीला भिंतीजवळ, अनवाणी, दुखऱ्या एका पायावर उभी करा. अर्धा मिनिट न दुखता, पाऊल न डगमगता उभी राहिली, तर दोन्ही पायांवर उभं राहून हलक्या वजनाने सुरू करा. तोवर पाठ टेकून, बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पावलं कालच्यापेक्षा जास्त अडखळली, किंवा घोट्याचं हाड सुजेत बुडालं, तर वजन नाही, आधी उभं राहणं कमी करा.

फोंड्याची व्हॉलीबॉल कोच
सोमवारपासून दोघींना बसून खांद्याचे आणि गादीच्या कडेला गुडघ्यावरचे देते. सर्व्हिसचं काय होतं ते इथेच लिहीन. कुडचडे-सांगे भागातले कुणी असाल तर तुमचंही येऊ द्या.