जुन्या कंपनीत परत जायचंय, सोडण्याचं खरं कारण सांगावं का?

रंगखातं: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाईंग सुपरवायझर होतो, सहा वर्षं. लॅब डिप पास व्हायचा, पण टँकरचं पाणी आलं की लॉटचा शेड हलायचा आणि मॅनेजर खापर माझ्यावर फोडायचा. राजीनाम्यात 'घरगुती कारण' लिहून पुण्याला गेलो. आता परत यायचंय, मॅनेजर तोच आहे. मालकांना मेलमध्ये खरं लिहू का?

चादरवाला: अजिबात नको. सोलापुरात काय लपून राहतंय होय, मालकाला सगळं ठाऊक असतंय. घरची अडचण मिटली, एवढंच लिही आणि गप बस.

एचआरताई: नाही पटलं. तुमचा राजीनामा फाईलला आहे. अडचण मिटली म्हणालात की पुढचा प्रश्न येतो, कसली अडचण, मग एकावर एक रचत बसा, आणि पहिला लॉट नापास झाला की पुन्हा तेच भांडण. आधी मालकांना फोन करा, मग मेल. मेलमध्ये माणसाचं नाव नको, कामाची पद्धत लिहा: "राजीनाम्यातलं कारण अर्धंच होतं. शेड नापास झाला की पाणी आणि रेसिपी तपासायच्या आधीच जबाबदारी ठरायची, ते मला जमलं नाही." आणि खाली सरळ विचारा, आता पाण्याची तपासणी कोण करतं, लॉट सोडायची सही कुणाची. उत्तर गोलमोल आलं तर काहीच बदललेलं नाही समजा.

होटगीकर: मी पण परत गेलतो, सूतगिरणीत. मधल्या काळात पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढून खाल्ले, आता पेन्शनची दहा वर्षं पहिल्यापासून मोजतायत. तू काढलास का? ग्रॅच्युइटीला मात्र तुझी जुनी सहा वर्षं धरतील.

एचआरताई: पेन्शनचं बरोबर आहे दादा. पैसे न काढता त्याच यूएएनवर खातं चालू असेल तर जुनी वर्षं जोडली जातात. ग्रॅच्युइटी तशी नाही, पाच वर्षं झालेली होती म्हणजे सोडतानाच ती देणं लागत होती. ती मिळाली असेल तर परत गेल्यावर मोजणी नव्यानं. मिळाली का, तेवढं बघा.

रंगखातं: ग्रॅच्युइटी मिळाली, पीएफला हात लावला नाही.

चादरवाला: पैशाचं झालं हो. पण मालक लोकांना लेखी तक्रार खपत नसती, तुमचं ऑफिसातलं शास्त्र इथं चालत नाही. मॅनेजर मालकाचा मेव्हणा-बिव्हणा असला म्हणजे?

रंगखातं: मेव्हणा नाही, भाचा आहे.

एचआरताई: हे आधी सांगायचं की ओ! मग मेल थांबवा. समोर बसून खरं बोला, आणि डाईंगऐवजी क्यूसीत जागा आहे का विचारा.

चादरवाला: म्हणजे आता भाच्याचे लॉट हाच नापास करणार. बरंय!