मदत हवी आहे: वाळूजच्या युनिटला आग लागली, एक्सचेंजला कळवायचं का आणि कधीपर्यंत?

सेक्रेटेरियल_छसं · रविवार, दुपारी ३:४०

नमस्कार मंडळी. कंपनी लिस्टेड आहे, बीएसई आणि एनएसई दोन्हीकडे. नाव लिहीत नाही. मार्केट कॅपच्या यादीत आम्ही बरेच खाली, पहिल्या हजारातसुद्धा नाही.

काल रात्री, म्हणजे आज पहाटे २:२० ला वाळूज एमआयडीसीतल्या युनिटच्या एका शेडला शॉर्ट सर्किटने आग लागली. कुणाला इजा नाही. तयार माल आणि पॅकिंग मिळून अंदाजे १ कोटी ३० लाख, पत्रे आणि वायरिंग ५० लाख. सगळं विम्यात आहे. पेंट लाइनची केबल जळाली, त्यामुळे ती लाइन आठ-दहा दिवस बंद राहील.

प्लँट हेडने ३ वाजता एमडी साहेबांना फोन केला. आमच्या कंपनी सेक्रेटरी मॅडमना सकाळी १०:३० ला कळलं. त्या प्रवासात आहेत, मसुदा मला करायला सांगितलाय. एमडी म्हणतात, “टर्नओव्हर ४८० कोटी, त्याचे दोन टक्के साडेनऊ कोटींच्या वर होतात. त्यात विमा आहे. कशाला गाजावाजा? उद्या ११ वाजता बोर्ड मीटिंग आहेच, तिथे ठेवू. लागलंच तर मीटिंग संपल्यावर ३० मिनिटांत टाकू.”

मला हे पटत नाही, पण कशाच्या आधारावर सांगू?

---

उस्मानपुरा_सीए · ४:०५

एमडींचं एक चुकतंय. दोन टक्के टर्नओव्हर ही एकटी कसोटी नाही. २०२३ पासून तीन आकडे काढायचे आणि सगळ्यात लहान तो धरायचा, परिणाम त्याच्या वर गेला की कळवायचं: टर्नओव्हरचे २ टक्के, नेटवर्थचे २ टक्के आणि तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे ५ टक्के. तुमची नेटवर्थ आणि गेल्या तीन वर्षांचा नफा टाका, लगेच सांगतो.

मुदत मात्र १२ तासांची. आग तुमच्याच आवारात लागली, म्हणजे घटना कंपनीच्या आतली. मॅडमना १०:३० ला कळलं, तेव्हा आज रात्री १०:३० पर्यंत.

---

सेक्रेटेरियल_छसं · ४:१२

एकत्रित हिशेबात नेटवर्थ २१० कोटी. करानंतरचा नफा: सर्वांत जुन्या वर्षी १४ कोटी, मधल्या वर्षी ५ कोटी तोटा, गेल्या वर्षी ११ कोटी.

---

उस्मानपुरा_सीए · ४:२०

१४ उणे ५ अधिक ११ म्हणजे २०. भागिले ३, ६ कोटी ६७ लाख. त्याचे ५ टक्के साधारण ३३ लाख. नुकसान १ कोटी ८०. विषय संपला.

---

नियम_तीस · ४:४५

उत्तर बरोबर, पण गणित आणि मुदत दोन्ही दुरुस्त करतो, कारण हा कागद उद्या कुणीतरी तपासणार आहे.

सरासरी काढताना तोट्याचं चिन्ह सोडून द्यायचं. १४ अधिक ५ अधिक ११ म्हणजे ३०, सरासरी १० कोटी, ५ टक्के म्हणजे ५० लाख. दुसरे दोन आकडे ९ कोटी ६० लाख आणि ४ कोटी २० लाख. तिघांत लहान ५० लाख, तीच तुमची रेघ. चिन्ह सोडण्यामागे कारण आहे. एखाद्या वर्षी १४ नफा आणि पुढच्या वर्षी १३ तोटा झाला, तर चिन्हासकट सरासरी शून्याजवळ जाईल आणि कँटीनचं बिलसुद्धा महत्त्वाचं ठरेल. आणखी एक, हे तिन्ही आकडे शेवटच्या ऑडिट झालेल्या एकत्रित हिशेबातून घ्यायचे. चालू तिमाहीचे किंवा स्टँडअलोनचे घेतलेले पुष्कळदा दिसतात.

आता मुदत. आग, पूर, संप यांमुळे कामकाज खंडित होणं हे लिस्टिंग नियमावलीच्या परिशिष्ट तीनमधल्या ‘ब’ परिच्छेदात येतं, म्हणजे कसोटी लावून ठरवायच्या घटनांत. आतली की बाहेरची यावर १२ आणि २४ तासांचा सर्वसाधारण नियम आहे, ते खरं. पण सेबीने सर्क्युलरच्या जोडपत्रात प्रत्येक घटनेपुढे वेळ लिहून दिली आहे, आणि या घटनेपुढे २४ तास आहेत. आवार कुणाचं हा प्रश्नच उरत नाही.

३० मिनिटांचा नियम बोर्डाने मीटिंगमध्ये घेतलेल्या निर्णयांना आहे. लाभांश, निकाल, भांडवल उभारणी वगैरे. डिसेंबर २०२४ पासून मीटिंग बाजार बंद झाल्यावर संपली तर ३ तास मिळतात. पण आग काही बोर्डाने मंजूर केलेली नाही. ती बोर्डापुढे नेली म्हणून तिचं घड्याळ उद्या ११ वाजता सुरू होत नाही. बोर्डाने कुणा वरिष्ठ अधिकाऱ्यांना अशा घटनेचं महत्त्व ठरवण्याचे अधिकार दिलेत, त्यांची नावं एक्सचेंजकडे आधीच आहेत. निर्णय त्यांनी घ्यायचा, मीटिंगची वाट बघायची नाही.

---

सेक्रेटेरियल_छसं · ४:५८

मग २४ तास कुठून मोजायचे? मॅडमच्या १०:३० पासून धरले तर उद्या सकाळी १०:३०.

---

नियम_तीस · ५:१५

नाही. कंपनीच्या एखाद्या अधिकाऱ्याला कामाच्या ओघात माहिती मिळाली, किंवा मिळायला हवी होती, तिथून घड्याळ सुरू होतं. ‘अधिकारी’ कंपनी कायद्याच्या अर्थाने धरायचा, आणि सेबीने त्यात प्रमोटरही घातलाय. एमडी त्यात निर्विवाद येतात. त्यांना ३ ला कळलं, म्हणजे उद्या पहाटे ३ ही शेवटची वेळ. सेक्रेटरीचा फोन लागला नाही ही कंपनीची अंतर्गत गोष्ट. आज रविवार आहे म्हणून एक मिनिटही वाढत नाही, पोर्टल चालू असतं.

उद्या १०:३० धरलं तर आणखी एक घोळ. ९:१५ ला बाजार उघडेल आणि सव्वा तास तुमच्या शेअरचे व्यवहार होतील. त्या वेळात आतल्या कुणी विकला तर तो प्रश्न या धाग्यात मावणार नाही.

---

शेंद्रा_फॅक्टरी_मॅनेजर · ५:३०

पण प्लँट हेडला तर २:२० लाच दिसलं ना? मग २:२० का नाही? आमच्याकडे प्लँट हेडच सगळं बघतो, त्याला अधिकारी नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?

---

नियम_तीस · ५:४२

प्रश्न रास्त आहे. कायद्याच्या व्याख्येत प्लँट हेड नाव घेऊन बसत नाही, पण ‘मिळायला हवी होती’ हे शब्द ढिले आहेत. समोरचा वकील म्हणेल, की रात्री फोन करायची पद्धत नीट असती तर एमडींना २:२५ लाच कळलं असतं. माझ्या मते ३ धरता येतं. पण ४० मिनिटांसाठी वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. आज रात्री ९ च्या आत टाका.

---

उस्मानपुरा_सीए · ५:५०

१२ तास मी सर्वसाधारण नियमातून घेतले होते, जोडपत्र उघडलं नव्हतं. ते मान्य. पण विमा वजा करायला नको का? १ कोटी ८० मधून क्लेम गेला तर उरेल काय? फार तर १०-१५ लाखांचा एक्सेस. ते ५० लाखांच्या खाली.

---

नियम_तीस · ६:०८

क्लेम मंजूर झालेला नाही, सर्व्हेअर अजून आलेलाही नसेल. आणि सेबीने या घटनेसाठी काय काय कळवायचं ते दिलंय, त्यात अपेक्षित नुकसान किती हे एक आणि विमा आहे का, किती रकमेचा हे वेगळं विचारलंय. विमा आधीच वजा करायचा असता तर तो वेगळा विचारला नसता. मी एकूण नुकसान धरतो. उलट मत असणारे सीए मला भेटलेत, ते विम्याचा लेखी होकार हाती असेल तर थोडं पटतंही. आज तुमच्या हाती तो नाही.

शिवाय पेंट लाइन बंद आहे. त्या युनिटचा किती माल त्या लाइनवरून जातो? निम्म्याहून जास्त असेल तर आठ-दहा दिवसांचा उत्पादनाचा खड्डा हाही परिणामच. नुसत्या जळालेल्या मालावर हिशेब थांबवू नका.

---

उदगीरकर · ६:२०

मला जरा सांगा, आमच्या कंपनीला जीएसटी खात्याने ४ लाखांचा दंड लावलाय. तोही २४ तासांत टाकायचा का? मोठा प्रॉब्लेम झालाय.

---

नियम_तीस · ६:२६

भाऊ, तुमचा विषय वेगळा. दंड ‘अ’ परिच्छेदात येतो, तिथे वरची कसोटी लागत नाही, रकमेच्या ठरावीक मर्यादा आहेत. क्षेत्र नियामक किंवा अंमलबजावणी यंत्रणेचा दंड असेल तर १ लाखापासून, इतर प्राधिकरणाचा असेल तर १० लाखांपासून २४ तासांत. त्याखालचे तिमाहीला एकत्र. आदेश हातात घेऊन नवा धागा काढा, त्यात दंड किती आणि कराची मागणी किती हे वेगळं लिहा, कारण मागणी दुसऱ्या कलमात जाते.

---

सेक्रेटेरियल_छसं · ६:४०

पेंट लाइनवरून युनिटचा साधारण ६० टक्के माल जातो. मसुदा असा केलाय, मराठीत सांगते: “आज पहाटे कंपनीच्या वाळूज युनिटमध्ये किरकोळ आग लागली. ती आटोक्यात आहे. मालमत्तेचा पुरेसा विमा आहे. कंपनीच्या कामकाजावर कोणताही लक्षणीय परिणाम होणार नाही.” चालेल?

---

नियम_तीस · ७:०२

शेवटचं वाक्य आणि ‘किरकोळ’ दोन्ही काढा. ६० टक्के माल जाणारी लाइन बंद असताना लक्षणीय परिणाम नाही असं कुणी सही करून देऊ नये. ‘पुरेसा विमा’ही नको, पॉलिसीची रक्कम लिहा.

क्रम असा ठेवा: कुठलं युनिट, किती वाजता, कशामुळे (प्राथमिक अंदाज असं म्हणून), इजा नाही. एमडींना किती वाजता कळलं. मग नुकसान: प्राथमिक अंदाज १ कोटी ८० लाख, सर्व्हे बाकी. विमा: कोणत्या प्रकारची पॉलिसी, किती रकमेची, विमा कंपनीला कळवलं का. उत्पादन: पेंट लाइन बंद, अंदाजे आठ-दहा दिवस, युनिटचा साधारण ६० टक्के माल तिच्यावर अवलंबून, बाहेरून पेंटिंग करून घ्यायची सोय बघत असाल तर ते. आकडा अगदीच हाती नसेल तर ‘अंदाज चालू आहे’ लिहून टाकता येतं, पण तुमच्याकडे आहे, तो लपवू नका.

दोन्ही एक्सचेंजला एकाच वेळी पीडीएफ, मग एक्सबीआरएल २४ तासांत, आणि कंपनीच्या वेबसाइटवर. एक दाखल करून ही फाइल बंद होत नाही. सगळं सुरळीत होईपर्यंत पुढचे तपशील द्यावे लागतात: लाइन सुरू झाल्याची तारीख, प्रत्यक्ष नुकसान, क्लेम किती मागितला आणि किती मिळाला. पहिली फाइलिंग नीट झाली की क्लेमचा आकडा कळवायचा राहतो, हे फार होतं.

---

माळीवाडा · ७:१०

बँकेला दुपारीच कळवलं असेल ना? वर्किंग कॅपिटलचा स्टॉक गहाण असतो.

---

सेक्रेटेरियल_छसं · ७:१६

हो, एक वाजता. सर्व्हेअरलाही.

---

नियम_तीस · ७:२५

मग आतली माहिती कुणाकुणाला दिली ते नोंदवायच्या डिजिटल डेटाबेसमध्ये या सगळ्यांच्या नोंदी करा, नाव, पॅन, कधी कळवलं, कशासाठी. २०२५ च्या दुरुस्तीनंतर बाहेरून आलेल्या माहितीच्या नोंदीला दोन दिवस मिळतात. आगीची माहिती ‘बाहेरून आलेली’ म्हणायची का, यावर मी पैज लावणार नाही. आजच करा.

---

शेंद्रा_फॅक्टरी_मॅनेजर · ७:३१

एका स्थानिक पोर्टलवर आगीचा फोटो पण आलाय. अफवांवर खुलासा करायचा नियम पण लागेल का मग?

---

नियम_तीस · ७:३८

तो पहिल्या २५० कंपन्यांना. यांना नाही. पण एक्सचेंजने मेल करून खुलासा मागितला तर उत्तर द्यावंच लागतं, आणि फोटो आल्यावर तसा मेल येऊ शकतो. फाइलिंग आधी गेली असेल तर उत्तर दोन ओळींचं.

---

सेक्रेटेरियल_छसं · रात्री ९:०४

८:५० ला दोन्हीकडे गेलं, ‘किरकोळ’ काढून. एमडी विमा वजा करायचा यावर अजून ठाम आहेत, उद्या बोर्डापुढे तोच मुद्दा येणार. कुणाकडे असा क्लेम एकूण नुकसानीने कळवल्याचं जुनं फाइलिंग असेल तर लिंक द्या.